आकड्यांच्या ओळींपासून नीट रांगेतला मार्कडाउन तक्ता: मुंबईच्या सात तलावांच्या आकड्यांसह

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत सगळीकडे तलावांच्या पातळीचे आकडे फिरू लागतात. कुणी बातमीतून उचलतो, कुणी पीडीएफमधून, आणि आकडे येतात ते असे, एकमेकांच्या अंगावर पडलेले:

```
अप्पर वैतरणा  227047
मोडक सागर 128925
तानसा    145080
मध्य वैतरणा 193530
भातसा 717037
विहार   27698
तुळशी 8046
```

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची ही वापरण्याजोग्या पाण्याची साठवण क्षमता आहे, दशलक्ष लिटरमध्ये. सर्वांत मोठा भातसा आणि सर्वांत छोटा तुळशी यांच्यात जवळजवळ नव्वदपटीचा फरक आहे, पण वरच्या ओळी वाचताना तो डोळ्यांना जाणवत नाही. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आले, तरच आकड्याची लांबी पाहून त्याचा मोठेपणा कळतो. याच सात ओळी घेऊन आपण शेवटपर्यंत जाऊ. तयार होणाऱ्या तक्त्यात तलावाचे नाव, क्षमता आणि एकूण क्षमतेतला टक्केवारीचा वाटा असे तीन रकाने असतील.

रांग दोन ठिकाणी लागते

मार्कडाउनमध्ये रांग लावणे म्हणजे दोन वेगवेगळी कामे आहेत. ती एकमेकांत मिसळली की वेळ वाया जातो, म्हणून आधी ती वेगळी करून घेऊ.

पहिली रांग वाचकाला दिसणाऱ्या तयार तक्त्यातली. ती ठरते मथळ्याखालच्या आडव्या रेघांच्या ओळीत टाकलेल्या अपूर्णविरामांवरून. `---:` लिहिले की रकाना उजवीकडे टेकतो, `:---` लिहिले की डावीकडे आणि `:---:` लिहिले की मध्ये. तुम्ही कच्च्या मजकुरात किती मोकळ्या जागा सोडल्या याच्याशी तिला काही घेणेदेणे नाही. सेलच्या दोन्ही टोकांच्या जागा तक्ता बनताना गळून जातात.

दुसरी रांग कच्च्या मजकुरातली. ती फक्त मोकळ्या जागांनी लागते आणि फक्त एडिटरमध्ये दिसते. तिची गरज कधी लागते? तोच मजकूर पुढच्या आठवड्यात उघडून आकडे बदलायचे असतील तेव्हा, किंवा जिथे तक्ता बनतच नाही आणि लोक कच्चा मजकूरच वाचतात तिथे. ती दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते. 2004 सालच्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्ते नव्हतेच. ते पुढे निरनिराळ्या विस्तारांतून आले, त्यामुळे आजही प्रत्येक ठिकाणी ते चालतीलच असे नाही.

पहिले काम: नाव आणि आकडा वेगळे करणे

मोह होतो तो सगळ्या मोकळ्या जागांच्या जागी उभ्या रेघा टाकण्याचा. तसे केले की ‘मोडक सागर’चे दोन तुकडे होतात आणि ‘मध्य वैतरणा’चेही. नावातली जागा आणि रकान्यांमधली जागा यंत्राला सारखीच दिसते. पण आपल्याला एक खूण मिळते: रकाना तोडणारी जागा नेहमी आकड्याच्या आधी येते. व्हीएस कोडमध्ये Ctrl+H दाबून शोधा-बदला उघडा, रेग्युलर एक्स्प्रेशनचे बटण चालू करा आणि शोधायच्या खिडकीत हे लिहा:

```
[ \u00A0]+(?=[0-9])
```

बदलायच्या खिडकीत `\t` लिहा, म्हणजे टॅब. याचा अर्थ, ज्या जागांनंतर लगेच आकडा येतो तेवढ्याच जागा टॅबमध्ये बदलतील. त्यातला `\u00A0` हा न तुटणारी जागा या अक्षराचा क्रमांक आहे. वेबपानावरून किंवा पीडीएफमधून मजकूर उचलला की ही जागा पुष्कळदा सोबत येते. दिसायला ती साध्या जागेसारखीच असते, पण साध्या जागेच्या शोधात सापडत नाही. ती आकड्याला चिकटून राहिली, तर पुढे स्प्रेडशीट त्या आकड्याला मजकूर समजते. ओळखण्याची खूण सोपी आहे: स्प्रेडशीटमध्ये खरा आकडा आपोआप उजवीकडे बसतो, मजकूर डावीकडे. रकान्यातला एखादाच आकडा डावीकडे बसला असेल, तर त्याच्या मागेपुढे असे काहीतरी चिकटले आहे. सेलमध्ये जाऊन तो आकडा हाताने पुन्हा टाइप करणे हा सर्वांत भरवशाचा इलाज.

स्वल्पविरामाला रकाना तोडणारे चिन्ह करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. आपल्या पद्धतीत अप्पर वैतरणेचा आकडा 2,27,047 असा लिहिला जातो. कुणी आधीच असे लिहिलेल्या ओळींमधल्या सगळ्या स्वल्पविरामांच्या उभ्या रेघा केल्या, तर त्या ओळीत नाव, 2, 27 आणि 047 असे चार सेल होतात. तक्ता तीन रकान्यांचा असेल तर गिटहबच्या नियमांनुसार जास्तीचा सेल मुकाट्याने टाकून दिला जातो. मग तक्ता सांगतो की अप्पर वैतरणेची क्षमता 2 आणि वाटा 27 टक्के. कुठेही तक्रार येत नाही, तक्ता दिसायला देखणा असतो आणि आकडे साफ खोटे असतात.

दुसरे काम: आकड्यांना एकसारखा वेश

टॅबने तोडलेल्या ओळी स्प्रेडशीटमध्ये A2 या सेलपासून चिकटवा. पहिली ओळ मथळ्यासाठी रिकामी राहू द्या. सात तलाव 2 ते 8 या ओळींत बसतील. A9 मध्ये ‘एकूण’ लिहा, B9 मध्ये बेरीज आणि C2 मध्ये टक्केवारी:

```
B9:  =SUM(B2:B8)
C2:  =B2/B$9*100
```

C2 खाली C9 पर्यंत ओढा. B9 मधल्या `$` मुळे भागाकार प्रत्येक ओळीत बेरजेनेच होतो. बेरीज 1447363 आली पाहिजे. यायला हवी तेवढी आली नाही, तर एखादा आकडा मजकूर बनून बेरजेबाहेर राहिला आहे, कारण SUM मजकुराकडे दुर्लक्ष करते. किती कमी पडले ते पाहा आणि तेवढा आकडा यादीत शोधा, दोषी लगेच सापडतो.

आता प्रश्न दशांशांचा. मार्कडाउनमध्ये दशांश चिन्हावर रांग लावण्याची सोय नाही. उजवीकडे टेकवणे एवढेच हाती आहे, आणि त्याने दशांश चिन्हे एकाखाली एक यायची असतील तर प्रत्येक आकड्याला दशांश स्थळे तितकीच हवीत. तानसाचा वाटा 10.02 टक्के निघतो. एका स्थळापर्यंत गोळाबेरीज केली की तो 10.0 होतो, पण स्प्रेडशीट तो 10 असा दाखवू शकते. मग उजवीकडे टेकवल्यावर तानसाचे एकक बाकीच्यांच्या दशांशाखाली येऊन बसते आणि पटकन पाहणाऱ्याला आकडा आहे त्यापेक्षा लहान वाटतो. म्हणून नुसते ROUND पुरत नाही, आकड्याचा मजकूर करावा लागतो. D2 आणि E2 मध्ये हे लिहा आणि दोन्ही नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
D2:  =TEXT(B2,"[>=100000]##\,##\,##0;##,##0")
E2:  =TEXT(C2,"0.0")
```

D2 मधला पहिला भाग लाखाच्या वरच्या आकड्यांना आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देतो, दुसरा भाग हजारांना. एक कोटीच्या आतल्या आकड्यांना एवढे पुरते आणि आपली बेरीज साडेचौदा लाखांच्या आत आहे. भातसा 7,17,037 असा दिसला, तुळशी 8,046 असा दिसला, की ही पायरी झाली.

टक्केवारीला एकच दशांश स्थळ ठेवावे असे माझे मत आहे. दोन ठेवली तर तक्ता जड होतो आणि ‘भातसा म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी’ ही मुख्य गोष्ट 49.54 मधल्या 4 मागे लपते. एका स्थळाने सातही वाट्यांची बेरीज 100.0 येते हेही तपासून घ्या. प्रत्येक आकडेवारीत ती इतकी नेमकी येत नाही. 99.9 किंवा 100.1 आले तर तो गोळाबेरजेचा परिणाम असतो. त्यासाठी आकडा ओढूनताणून बदलू नये, तक्त्याखाली एक ओळ लिहावी.

तिसरे काम: ओळ विणणे

उभ्या रेघा हाताने टाकत बसू नका. तेही काम स्प्रेडशीटकडेच द्या. F2 मध्ये:

```
="| "&A2&" | "&RIGHT(REPT(" ",9)&D2,9)
 &" | "&RIGHT(REPT(" ",5)&E2,5)&" |"
```

हे सलग एकाच फॉर्म्युल्यात लिहायचे आहे, इथे फक्त वाचायला सोपे जावे म्हणून दोन ओळी केल्या आहेत. `REPT(" ",9)` नऊ मोकळ्या जागा तयार करते, त्यांना आकडा जोडला जातो आणि `RIGHT` उजवीकडची नऊच अक्षरे ठेवते. परिणाम असा की आकडा केवढाही असो, सेल नऊ अक्षरांचाच राहतो आणि आकडा उजव्या टोकाला टेकतो.

नऊच का? सर्वांत लांब आकडा 14,47,363 आहे आणि स्वल्पविरामांसकट त्याची नऊ अक्षरे होतात. वाट्याच्या रकान्यात सर्वांत लांब 100.0, म्हणून पाच. इथे मनापासून सावध राहा. लांबी ठरवताना बेरजेची ओळ विसरून आठ लिहिले, तर `RIGHT` डावीकडचे अक्षर कापून टाकते आणि 14,47,363 चे 4,47,363 होते. चूक दाखवणारा संदेश येत नाही. म्हणून लांबी नेहमी ‘एकूण’च्या ओळीवरून मोजा, आणि पुढे आकडे वाढण्याची शक्यता असेल तर एक-दोन अक्षरे जास्तच ठेवा. जास्तीच्या मोकळ्या जागांनी तयार तक्त्याचे काहीच बिघडत नाही.

F2 खाली F9 पर्यंत ओढा, F2 ते F9 कॉपी करा आणि एडिटरमध्ये चिकटवा. वर दोन ओळी हाताने लिहा:

```
| तलाव | क्षमता (दशलक्ष लिटर) | वाटा (%) |
|:---|---:|---:|
```

एकक मथळ्यात लिहिले की प्रत्येक सेलमध्ये ‘दशलक्ष लिटर’ आणि ‘%’ पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही आणि उजवी कड स्वच्छ राहते. मथळ्याच्या ओळीत आणि आडव्या रेघांच्या ओळीत सेल तितकेच हवेत. तिथे एक जरी कमी-जास्त झाला तर तक्ता बनतच नाही. तक्त्याच्या वर एक रिकामी ओळ सोडा. सगळ्या ठिकाणी ती सक्तीची नसते, पण सोडली की कुठेच अडत नाही. तक्त्याच्या मध्ये मात्र रिकामी ओळ नको, तिच्यापाशी तक्ता संपतो आणि उरलेल्या ओळी साधा परिच्छेद म्हणून दिसतात.

‘एकूण’ची ओळ ठळक करायची असेल तर फक्त `**एकूण**` एवढा शब्द ठळक करा. आकडाही ठळक केला तर चार तारे त्याची लांबी नऊवरून तेरावर नेतात आणि कच्च्या मजकुरातली रांग मोडते.

देवनागरी नावांची रांग का लागत नाही

आतापर्यंत आकडे एडिटरमध्ये अक्षराला अक्षर जुळवून बसले, पण पहिल्या रकान्यातली नावे लहान-मोठी असल्यामुळे उभ्या रेघा वाकड्यातिकड्या दिसतात. साहजिकच वाटते, नावांनाही मोकळ्या जागा जोडून सारखे करावे. करून पाहिले तर रांग जास्तच बिघडते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्प्रेडशीटचे LEN संगणकातली चिन्हे मोजते. ‘तुळशी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण संगणकात त्याची पाच चिन्हे आहेत: त, उकार, ळ, श आणि दीर्घ वेलांटी. ‘मध्य’मध्ये दोन अक्षरे दिसतात आणि चिन्हे चार, कारण हलन्त हेही वेगळे चिन्ह आहे. चिन्हे मोजून जागा भरल्या तर काना-मात्रा जास्त असलेल्या नावांना जागा कमी मिळतात. बरे, दिसणारी अक्षरे मोजली तरी भागत नाही. कोड लिहिण्यासाठीच्या सम-रुंदीच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते, त्यामुळे देवनागरी शब्द दुसऱ्याच फॉन्टात उमटतात. त्या फॉन्टात ‘ळ’ आणि ‘र’ यांची रुंदी सारखी नसते. तक्ते आपोआप सरळ करून देणारी साधनेही इथेच अडखळतात. इंग्रजी नावांवर ती उत्तम चालतात, मराठी नावांवर आपल्याला वाकडा तक्ता परत देतात.

जे मोजता येत नाही ते ओळीच्या शेवटी ठेवावे, हा त्यावरचा माझा उपाय. आकड्यांचे रकाने आधी, नाव सर्वांत शेवटी. 0 ते 9 हे आकडे, स्वल्पविराम आणि टिंब सम-रुंदीच्या फॉन्टात एकाच मापाचे असतात, म्हणून ते भाग काटेकोर जुळतात. शेवटच्या नावाची लांबी काहीही असली तरी त्याच्या उजवीकडे बिघडायला काही उरत नाही. F2 मधला A2 शेवटी नेला की तक्ता असा होतो:

```
| क्षमता | वाटा % | तलाव |
|----------:|------:|:---|
|  2,27,047 |  15.7 | अप्पर वैतरणा |
|  1,28,925 |   8.9 | मोडक सागर |
|  1,45,080 |  10.0 | तानसा |
|  1,93,530 |  13.4 | मध्य वैतरणा |
|  7,17,037 |  49.5 | भातसा |
|    27,698 |   1.9 | विहार |
|     8,046 |   0.6 | तुळशी |
| 14,47,363 | 100.0 | एकूण |
```

आडव्या रेघांची संख्याही मोजून घेतली आहे. नऊ अक्षरे आणि दोन बाजूंच्या दोन जागा मिळून अकरा, म्हणून दहा रेघा आणि एक अपूर्णविराम. दुसऱ्या रकान्यात सात, म्हणून सहा रेघा आणि एक अपूर्णविराम. मथळ्याची एक ओळ तेवढी वाकडी राहते, ती मी तशीच सोडतो.

याच कारणासाठी तक्त्यात ७,१७,०३७ असे देवनागरी अंक लिहू नयेत असे मला वाटते. परिच्छेदात ते शोभतात, पण कच्च्या मजकुरात तेही दुसऱ्या फॉन्टात उमटतात आणि रांग सोडतात.

तक्ता नक्की बनणारच आहे आणि कच्चा मजकूर तुमच्याशिवाय कुणी पाहणार नाही, अशी खात्री असेल तर नाव खुशाल पहिल्या रकान्यात ठेवा. वाचकाला आधी नाव आणि मग आकडा हा क्रम सोपा जातो.

तक्ता बनला नाही तर

टाकण्याआधी व्हीएस कोडमध्ये Ctrl+Shift+V दाबून तयार रूप पाहा. तक्त्याऐवजी रेघांनी भरलेला परिच्छेद दिसला तर पहिला संशय मथळ्यावर आणि रेघांच्या ओळीवर घ्या. फोनवर टाइप केले असेल तर दोन हायफन जोडून त्यांची एक लांब डॅश होण्याची शक्यता दाट असते. `—` अशा डॅशने ती ओळ ओळखली जात नाही. ती ओळ साध्या हायफनांनी पुन्हा लिहिली की काम होते.

दुसरा संशय आपल्याच कळफलकावर. देवनागरी कळफलकावरचा दंड `।` आणि उभी रेघ `|` दिसायला इतके सारखे आहेत की नुसते पाहून फरक कळणे कठीण. संगणकासाठी मात्र ती दोन निराळी चिन्हे आहेत आणि रकाना फक्त दुसऱ्याने तुटतो. दंड मथळ्यात शिरला तर सेलची संख्या चुकते आणि अख्खा तक्ता बनत नाही. मधल्या एखाद्या ओळीत शिरला तर त्या ओळीतले दोन सेल एकत्र होतात आणि शेवटचा सेल रिकामा दिसतो. त्या रिकाम्या सेलवरूनच तो पकडायचा. Ctrl+F दाबून `।` शोधा आणि सापडेल तिथे बदला.

ओळी बऱ्याच असतील तर डोळ्यांवर विसंबू नका. रेग्युलर एक्स्प्रेशन चालू ठेवून हे शोधा:

```
^(?!\|[^|]*\|[^|]*\|[^|]*\|$).+$
```

ज्या ओळीत बरोबर चार उभ्या रेघा नाहीत, किंवा शेवटच्या रेघेपुढे चुकून जागा राहिली आहे, अशी प्रत्येक ओळ यात सापडते. तक्त्याबाहेरचा मजकूरही सापडेल, म्हणून शोध तक्त्याच्या निवडलेल्या भागापुरता ठेवा. एखाद्या सेलच्या मजकुरातच उभी रेघ हवी असेल तर ती `\|` अशी लिहावी लागते आणि अशी ओळ या शोधात विनाकारण अडकेल. आकड्यांच्या तक्त्यात ती वेळ क्वचितच येते.

आणि जिथे तक्ते चालतच नाहीत, उदाहरणार्थ व्हॉट्सॲपवर, तिथे नाव शेवटी ठेवलेला मजकूर कामी येतो. रेघांची ओळ आणि उभ्या रेघा काढून टाका, आकडे आणि नाव यांच्यात दोन-दोन जागा ठेवा आणि सगळ्याच्या आधी व नंतर तीन बॅकटिक लावा. मजकूर सम-रुंदीच्या अक्षरांत येतो आणि आकडे रांगेत राहतात. फोनच्या पडद्यावर ओळ मोडली की रांगही मोडते, म्हणून तिथे दोनच आकड्यांचे रकाने ठेवावेत आणि एकक तक्त्याच्या वर वेगळ्या ओळीत लिहावे.